सेकंड पीयूच्या वर्गात fx-991ES PLUS: डेफिनिट इंटिग्रलची उत्तरं तपासताना आलेला अनुभव

खानापूरला सेकंड पीयूच्या, म्हणजे बारावीच्या मुलांना मी गणित शिकवतो. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली ही मुलं पीयूला येऊन एकदम इंग्रजी पुस्तक हातात धरतात. घरी उत्तर तपासून द्यायला बहुतेकांकडे कुणी नसतं. म्हणून जूनपासून वर्गात कॅसिओचा हा एक कॅल्क्युलेटर ठेवलाय, फक्त उत्तरं तपासायला. केसीईटी या कर्नाटकातल्या प्रवेश परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे गणित वहीतच सोडवायचं हे आधीच ठरलेलं आहे. इतके महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की सब्स्टिट्यूशनमध्ये लिमिट बदलायची राहिली असेल तर हा नेमकी चूक दाखवतो. क्षेत्रफळाच्या गणितात मात्र चुकीच्या उत्तरालाही हा बरोबर म्हणतो. वापरणाऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा.

आधी सेटिंग. SHIFT, MODE, मग 4 दाबलं की Rad लागतं. हे केल्याशिवाय sin, cos असलेलं इंटिग्रल घालूच नका. 0 ते π पर्यंत sin x चं उत्तर 2 यायला हवं. Deg राहिलं असेल तर 0.086 च्या आसपास काहीतरी येतं आणि मूल आपलं बरोबर गणित खोडून बसतं. रोज सुरुवातीला हे एक इंटिग्रल घालून 2 येतंय का बघायचं, अशी सवय मी मुलांना लावलीय.

आता लिमिटचा मुद्दा. हे गणित घ्या:

∫₀² x·e^(x²) dx

t = x² धरलं की x dx च्या जागी ½ dt येतो. x 0 असताना t 0, आणि x 2 असताना t 4. म्हणजे ½∫₀⁴ e^t dt, आणि उत्तर ½(e⁴ − 1), दशांशात 26.799. वहीत हमखास दिसतं ते ½(e² − 1), म्हणजे 3.195. t आला, dt आला, पण वरची लिमिट 2 ची 2 च राहिली.

तपासताना मूळ x मधलंच इंटिग्रल घालायचं, यावर मी अडून असतो. ∫ ची कळ दाबली की पुस्तकात असतं तसंच चिन्ह स्क्रीनवर येतं, x साठी ALPHA आणि उजवा कंस. मुलाने t मधली ओळ घातली तर त्याची चुकीची लिमिटही सोबत जाते आणि मशीन तीच चूक इमानेइतबारे मोजून देतं. मूळ प्रश्न घालून लगेच त्यातून आपलं उत्तर वजा करायचं. शून्य किंवा शून्याला अगदी चिकटलेला आकडा आला तर ठीक. e आणि वर्गमुळं असलेली उत्तरं दशांशात ताडून बघण्यापेक्षा हे सोपं पडतं.

मला या यंत्राचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो यापुढे. उत्तर चुकलं एवढं कळून भागत नाही, कुठे चुकलं ते कळायला हवं. म्हणून संशय असलेली चूक मुद्दाम करून बघायची. ½∫₀² e^t dt घातलं आणि मुलाचं 3.195 तंतोतंत आलं, की लिमिट बदलायची राहिली हे नक्की झालं. दुसरी एक चूक याच्या उलट असते. लिमिट 0 आणि 4 केली, इंटिग्रेट केलं, मग t च्या जागी परत x² ठेवला आणि त्यात 4 घातले. तेव्हा उत्तर चव्वेचाळीस लाखांच्या वर जातं. परत x वर यायचं असेल तर जुनी लिमिट, t मध्येच राहायचं असेल तर नवी. दोन्ही वाटा बरोबर आहेत, अर्ध्यातून वाट बदलली की बिघडतं.

इथे शिकवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. हेच गणित 0 ते 1 लिमिट देऊन घातलं तर चूक दिसतच नाही, कारण 0 चा वर्ग 0 आणि 1 चा वर्ग 1. लिमिट न बदलणाऱ्याचंही उत्तर बरोबर येतं आणि मशीनही होकार देतं. अशी गणितं सोडवून मूल महिनाभर खुशाल चुकीची पद्धत पक्की करतं. म्हणून तपासायला दिलेल्या गणितात वरची लिमिट 2 किंवा 3 ठेवा.

परीक्षेत मशीन नसतं, तेव्हा 3.195 वर शंका कशी यावी? x = 1.5 ला या फंक्शनची किंमत 14 च्या वर आहे आणि पुढे ती वाढतच जाते. म्हणजे 1.5 ते 2 या अर्ध्या पट्टीतच 7 पेक्षा जास्त भरतं. मग एकूण 3 कसं येईल?

आता क्षेत्रफळ. y = x² − 4x + 3 हा वक्र, x-अक्ष, आणि x = 0 ते x = 2 यांमधलं क्षेत्रफळ काढायचं. एका मुलीने थेट इंटिग्रल घेऊन 2/3 काढलं, मशीनवर तेच घातलं आणि म्हणाली, ‘‘सर, ह्यात पण तेवढंच आलंय की!’’ यायचंच होतं. मशीनला तिने इंटिग्रल विचारलं, क्षेत्रफळ विचारलंच नव्हतं. हा वक्र x = 1 ला अक्ष ओलांडून खाली जातो. 0 ते 1 मध्ये इंटिग्रल 4/3 येतं, 1 ते 2 मध्ये −2/3. क्षेत्रफळ 4/3 + 2/3 = 2. बरोबर उत्तर आणि तिचं उत्तर यांतला फरक 4/3, म्हणजे अक्षाखालच्या भागाच्या बरोबर दुप्पट. तो भाग मिळवायचा होता तिथे वजा झाला, म्हणून दुप्पट. असा फरक दिसला की कारण शोधत बसावं लागत नाही.

हेच 0 ते 3 घेतलं तर इंटिग्रल 0 येतं, आणि क्षेत्रफळ शून्य कसं, म्हणून मूल स्वतःच थबकतं. खरा धोका 2/3 सारख्या निरुपद्रवी दिसणाऱ्या उत्तराचा.

यावर SHIFT आणि hyp दाबून मिळणारं Abs आहे. पूर्ण फंक्शन त्यात घातलं की 2 येतं. पण वक्र अक्षाला छेदतो तिथे Abs मुळे टोक तयार होतं, आणि अशा ठिकाणी संख्यात्मक पद्धत अडखळते, वेळही जास्त घेते. त्यामुळे मी आधी y = 0 ची मुळं काढायला लावतो, त्यातली लिमिटच्या आत कुठली पडतात ते बघायला लावतो, आणि तुकडे वेगवेगळे घालायला लावतो. कंपनीच्या पुस्तिकेतही धन आणि ऋण भाग वेगळे मोजण्याचीच सूचना आहे. Abs फक्त शेवटच्या पडताळणीला.

Abs ची चटक लागली की उलटी चूक सुरू होते, तीही मी पाहिलीय. प्रश्नात नुसतं इंटिग्रल विचारलंय, क्षेत्रफळाचा शब्दही नाही, तरी मूल 2 लिहून येतं. तिथे 2/3 हेच उत्तर, आणि ऋण आलं तर ऋणच लिहायचं. म्हणून आता मशीन हातात देण्याआधी मुलांना वहीत प्रश्नातल्या ‘area’ या शब्दाखाली रेघ मारायला सांगतो, आणि वक्राचं कच्चं चित्र काढायला लावतो. या कॅल्क्युलेटरवर आलेख दिसत नाही, तेव्हा चित्र हातानेच काढावं लागतं. अक्षाखालचा भाग पेन्सिलीने छायांकित केलेला नसेल तर मी मशीन देत नाही.