बातम्या, पैसा की आरोग्य? पिवळ्या डॉलरचा हिशेब

भाच्यानं इचलकरंजीहून फोन केला. "मामा, यूट्यूब चॅनेल सुरू झालं, एक हजार सबस्क्रायबर झाले, जाहिरातींसाठी लागणारे पाहण्याचे चार हजार तासही भरत आलेत. आता गावच्या बातम्या करू, शेअर बाजार करू, का तुमच्यासारखं औषधपाण्याचं?" कोल्हापूरच्या राजारामपुरीत सत्तावीस वर्षं औषधांचं दुकान चालवल्यावर मी यात पडलो आणि तिन्ही करून बघितलं. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. माझा कल कुठं आहे हे कळेलच. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर माझं म्हणणं बाजूला ठेवा.

आधी पिवळा डॉलर, म्हणजे व्हिडिओला जाहिराती कमी मिळणार असं सांगणारी यूट्यूबची खूण, का येतो ते बघू. जाहिरातदाराला गुगलच्या जाहिरात खात्यात आपली जाहिरात कशावर दिसू नये हे ठरवता येतं. त्यात दुर्घटना-संघर्ष आणि धक्कादायक मजकूर वगळायची सोय असते. गुजरीतल्या सराफाचं उदाहरण घ्या. दिवाळीच्या हाराची जाहिरात पुरात बुडालेल्या घराच्या व्हिडिओआधी लागावी असं त्याला वाटेल का? म्हणजे मूळ नकार विषयाला नसतो, शेजाराला असतो. यूट्यूबचे जाहिरातयोग्यतेचे नियम हाच नकार आधीच ओळखायचा प्रयत्न करतात. त्यात जीवितहानी झालेल्या ताज्या घटना, रक्त-जखमा, आत्महत्या-अत्याचारासारख्या नाजूक विषयांचं भडक चित्रण आणि अपायकारक वैद्यकीय दावे येतात. पिवळा म्हणजे व्हिडिओ काढून टाकला असं नव्हे. जाहिराती कमी मिळतात किंवा मिळत नाहीत, पण प्रीमियम सदस्यांनी पाहिल्याचा वाटा मिळतच राहतो.

पैशाचा विषय लवकर आटपतो. जाहिरातीच्या दृष्टीनं तो तिघांत वरचढ असावा असा माझा अंदाज, कारण बँका-विमावाल्यांना हाच प्रेक्षक हवा असतो. पण "पैसे दुप्पट", "हमखास परतावा" असं लिहिलं की गेलं. शिवाय शिक्षण म्हणून बाजार शिकवणाऱ्यानं मागच्या तीन महिन्यांचे भाव वापरायचे नाहीत आणि नोंदणीशिवाय सल्ला द्यायचा नाही, असं सेबीच्या २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात आलं होतं. मी एक व्हिडिओ केला होता. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, असा साधा विषय. कुठल्याही संस्थेचं नाव घेतलं नाही. डॉलर हिरवाच राहिला. पण खाली प्रत्येक दुसरा माणूस विचारायचा, "काका, कुठला शेअर घेऊ?" उत्तर देणं मला शक्य नव्हतं आणि न दिलं की लोक रुसायचे. मी ते सोडलं.

खरी चुरस बातम्या आणि आरोग्य यांच्यात. बातमीचा फायदा मोठा आहे. २०२१ च्या जुलैत पंचगंगा चढत होती तेव्हा राजाराम बंधाऱ्यावरची पातळी सांगणारा माणूस देवासारखा वाटायचा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ. पहिला व्हिडिओ मीच बिघडवला. शीर्षक "मृत्यूचं तांडव", थंबनेलवर मेलेली म्हैस. पिवळा आला तो बरोबरच आला. दुसऱ्यात सुधारलो. "बंधाऱ्यावर ४३ फूट, शिरोलीजवळ महामार्गाची स्थिती" असं शीर्षक, फोटो फक्त बंधाऱ्याच्या मोजपट्टीचा, आणि बोलताना कुणाच्या दुःखावर रेंगाळलो नाही. तरी यूट्यूबच्या यंत्रानं आधी पिवळाच दाखवला.

माझा निकाल इथंच लागला. पिवळा आल्यावर Request review दाबता येतं, मग माणूस बघतो, आणि त्याला सात दिवसांपर्यंत लागू शकतात. माझं उत्तर पाचव्या दिवशी आलं: हिरवा. न्याय मिळाला, पण तोवर पाणी उतरलं होतं. ज्यांना महामार्ग बंद आहे का ते बघायचं होतं ते पहिल्या दीड दिवसात बघून गेले. सगळी गर्दी पिवळ्यात आली आणि हिरवा लागला तेव्हा दुकानासमोर कुणी नव्हतं. दोष कुणाचा म्हणावा? बातमीचं आयुष्य एक दिवसाचं, तपासणीचं सात दिवसांचं. ही दोन घड्याळं जुळत नाहीत, आणि सभ्य शीर्षकानंसुद्धा ती जुळवता येत नाहीत.

आरोग्याचं घड्याळ वेगळं चालतं. तिथंही मी चुकलोच. विषय आपला कोल्हापुरी: मधुमेहात गूळ चालतो का? गुऱ्हाळ इथं, गुळाचा रवा इथं, आणि दुकानात रोज कुणीतरी सांगायचं की गुळानं साखर वाढत नाही. पहिल्या आवृत्तीचं शीर्षक "गूळ खा, शुगर पळवा?", थंबनेलवर गोळीवर लाल काट. मी आत गूळ चालत नाही असंच सांगितलं होतं, पण बाहेरून दिसत होतं उलटं. प्रश्नचिन्हानं वाचेन असं वाटलं होतं, वाचलो नाही. खाली वर्णनात "हा सल्ला नव्हे" लिहिलं होतं, त्याचाही उपयोग झाला नाही. शीर्षक, थंबनेल, वर्णन आणि प्रत्यक्ष व्हिडिओ सगळं मिळून बघितलं जातं. तळटीप हा परवाना नाही.

मग बदललं. शीर्षक "मधुमेहात गूळ: साखरेला पर्याय आहे का?" थंबनेलवर गुळाचा खडा आणि चमचा. सुरुवातीलाच बोललो की गुळातही बहुतांश सुक्रोजच असतं, म्हणून रक्तातली साखर वाढतेच, आणि गोळी मनानं बंद करू नका, डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही, हेही तिथंच सांगितलं. मधुमेहींच्या पायाच्या जखमेवर केलं तेव्हा खरा फोटो टाळून साधं रेखाचित्र वापरलं. जखम कधी दाखवायला जायचं हे त्यातूनही कळतं.

आणि मुख्य सोय म्हणजे मी हे व्हिडिओ आधी अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतील असे, चढवतो. यंत्राची तपासणी तेव्हाच होते. पिवळा दिसला तर शीर्षक-थंबनेल सुधारून समीक्षा मागतो आणि आठवडाभर थांबतो. माणसानं दिलेला निकाल अंतिम असतो, म्हणून सुधारणा आधी, अर्ज नंतर. गुळाचा प्रश्न पुढच्या मंगळवारीही तितकाच ताजा असतो. बातमी अशी अनलिस्टेड ठेवून काय करणार?

चढवताना व्हिडिओत काय आहे याची जी प्रश्नावली भरावी लागते, तिचीही उत्तरं खरी द्या. जखम आहे तर आहे म्हणा. खरी उत्तरं देत गेलं की पुढं तुमच्या उत्तरावर जास्त विसंबलं जातं, असा नियमच आहे.

आता समोरच्या बाजूनं बोलायचं तर, आरोग्य सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. जाणकार नसाल तर जाणकार शेजारी बसवावा लागतो, आणि तो दर आठवड्याला मोकळा नसतो. भाच्याकडं कॅमेरा आहे, पाय आहेत, आणि त्याला धावपळ आवडते. त्याला बातम्याच जमतील कदाचित. फक्त महिन्याचा खर्च बातमीच्या जाहिरातींवर धरू नकोस, असं मी त्याला म्हटलं.

पाऊस लागला की बंधाऱ्याची पातळी मीही अजून सांगतो. त्या व्हिडिओचा डॉलर कुठल्या रंगाचा आहे ते पाणी उतरेपर्यंत बघत नाही.