काचबिंदूचे थेंब आणि बदलणारा डोळा: लॅटॅनोप्रोस्ट घ्यावं की बायमॅटोप्रोस्ट?

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे डोळे अगदी कोकणातले घारे होते, हिरवट छटेचे आणि बाहुलीभोवती तपकिरी किनार असलेले. वय अठ्ठेचाळीस. काचबिंदू निघाला तो फक्त डाव्या डोळ्यात. उजव्या डोळ्याचा दाब पाऱ्याच्या १८ मिलिमीटर होता, डाव्याचा २८, आणि डाव्या डोळ्याची नस झिजायला लागली होती. दाब २०च्या खाली आणायचा म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास उतार हवा. एकट्या औषधाने एवढा उतार बहुधा प्रोस्टाग्लॅंडिन गटाचे थेंबच देतात, तेही रोज रात्री एकदा घालून. पण बाईंनी कुठेतरी वाचलं होतं की या थेंबांनी पापण्यांचे केस वाढतात, डोळ्याचा रंग बदलतो, डोळे खोल जातात. "डॉक्टर, एकच डोळा बदलला तर मी कशी दिसेन?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तो मला पूर्ण रास्त वाटला, कारण हे औषध वर्षानुवर्षं घालायचं असतं आणि चेहरा रोज आरशात दिसतो.

टिमोलॉल हा जुना, स्वस्त पर्याय. त्याने केस वाढत नाहीत, रंग बदलत नाही, पापणी खोल जात नाही. दाबाचा उतार मात्र थोडा कमी, आणि थेंब साधारणपणे दिवसातून दोनदा घालावे लागतात. शिवाय ते रक्तात उतरून श्वासनलिका आकसवतात आणि नाडी मंदावतात. या बाईंना दमा होता, म्हणून टिमोलॉल तिथेच बाद झालं. दमा नसेल, हृदयाचे ठोके मंद नसतील आणि थोड्या उतारावर काम भागत असेल, तर दिसण्याची काळजी असणाऱ्याने टिमोलॉलबद्दल जरूर विचारावं.

उरले प्रोस्टाग्लॅंडिन गटातले लॅटॅनोप्रोस्ट आणि बायमॅटोप्रोस्ट. दाबाच्या बाबतीत बायमॅटोप्रोस्ट किंचित सरस ठरतं. सरासरीने फरक एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. त्याच्या बदल्यात डोळा जास्त लाल होतो. त्याची ०.०१ टक्क्याची बाटली ०.०३ टक्क्यापेक्षा या बाबतीत सौम्य आहे. लॅटॅनोप्रोस्टची अडचण साठवणीची आहे. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. उघडल्यावर ती पंचवीस अंशांपर्यंत बाहेर चालते आणि सहा आठवड्यांत संपवायची असते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ती उघडल्यावरही फ्रिजच्या दारातच ठेवा असं मी सांगते.

आता दिसण्याचं. लोक तिन्ही बदल एकाच दमात सांगतात, पण त्यांचं वजन सारखं नाही.

पापण्यांचे केस लांब, दाट, काळे होतात ते दोन्ही औषधांनी, बायमॅटोप्रोस्टने जरा जास्त. हा परिणाम इतका हमखास आहे की ०.०३ टक्के बायमॅटोप्रोस्टला २००८ साली अमेरिकेत विरळ पापण्या दाट करण्यासाठीच वेगळी मान्यता मिळाली. औषध थांबवलं की काही महिन्यांत केस पूर्ववत होतात. एकाच डोळ्यात थेंब असतील तर फरक दिसतो, पण कात्रीने टोकं बेतशीर कापता येतात. या कारणासाठी औषध नाकारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पापणीची कातडी काळवंडते तीही बहुतेकांची औषध थांबल्यावर निवळते. ते टाळायचा सोपा उपाय म्हणजे थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा, बाहेर ओघळलेलं औषध टिपायचं आणि पाच मिनिटांनी तोंड धुऊन मग झोपायचं.

बुबुळाच्या रंगाचं मात्र तसं नाही. तो बदल कायमचा असतो. रंगपेशींची संख्या वाढत नाही, त्यांच्यातलं रंगद्रव्य वाढतं, आणि औषध बंद केलं तरी ते जात नाही, फक्त पुढची वाढ थांबते. सुरुवात बाहुलीभोवतालच्या तपकिरी किनारीपासून होते आणि रंग हळूहळू बाहेर पसरतो. त्याला महिने, कधी वर्षं लागतात. डोळे मुळातच गडद तपकिरी असतील, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे, तर हा बदल दिसतच नाही. संमिश्र रंगाच्या डोळ्यात, म्हणजे हिरवट-तपकिरी किंवा निळसर-तपकिरी डोळ्यात, तो सर्वांत उठून दिसतो. दोन्ही औषधांत हा धोका आहे, म्हणून यातून सुटायला औषध बदलून उपयोग नाही. बदलल्या रंगाने नजर कमी होत नाही. प्रश्न एवढाच की दोन डोळे दोन रंगांचे चालतील का, आणि तो ज्याचा त्याने ठरवायचा.

ज्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, ते पापणीचं खोल जाणं, माझ्या मते निवडीत सर्वांत जास्त धरायला हवं. ही औषधं डोळ्याभोवतीच्या चरबीच्या पेशींना झिजवतात. भुवईखाली खोबण पडते, वरची पापणी किंचित उतरते, खालच्या पापणीखालची फुगवटी सपाट होते. दोन्ही डोळ्यांत सारखंच घडलं तर घरच्यांना वाटतं, वयामुळे चेहरा उतरला. जुन्या ओळखपत्रावरचा फोटो शेजारी धरला की कळतं. हे निव्वळ सौंदर्याचं राहत नाही. पापण्या घट्ट बसल्या की दाब मोजणं अवघड जातं, आणि पुढे काचबिंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर सर्जनला जागा कमी मिळते. इथे मात्र औषधाऔषधांत फरक आहे. बायमॅटोप्रोस्टने हे सर्वांत जास्त होतं, याच गटातलं ट्रॅव्होप्रोस्ट मध्ये येतं, लॅटॅनोप्रोस्ट आणि याच गटातल्या टाफ्लुप्रोस्टने कमी. लवकर ओळखून औषध बदललं किंवा थांबवलं तर खोबण बऱ्याच जणांत काही प्रमाणात भरते. पूर्ण भरेलच असं मी कुणाला सांगत नाही.

म्हणून त्या बाईंना मी लॅटॅनोप्रोस्ट सुचवलं. एक मिलिमीटरच्या संभाव्य फायद्यासाठी एकाच डोळ्याची पापणी पणाला लावणं मला पटत नव्हतं. ज्याची नस फार झिजली आहे आणि ज्याला तो एक मिलिमीटरही हवा आहे, त्याला मी उलट सांगेन. सुरुवातीलाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, त्यात भिंगामागचा पातळ पडदा फाटला होता का, डोळ्यात कधी सूज किंवा नागीण झाली होती का, हे विचारून घेतलं, कारण अशा डोळ्यात ही दोन्ही औषधं जपून द्यावी लागतात. त्यांना यातलं काही नव्हतं.

सहा आठवड्यांनी दाब १९ आला. पहिल्या दिवशी खिडकीजवळच्या उजेडात दोन्ही डोळ्यांचा फोटो काढून ठेवायला सांगितलं होतं, तसाच दर तीन महिन्यांनी. तिसऱ्या महिन्यात केस लांबलेले दिसले, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पापणी जागची हलली नव्हती. दहाव्या महिन्याच्या फोटोत डाव्या डोळ्यातली तपकिरी किनार पहिल्या फोटोपेक्षा नक्कीच रुंद होती.

थेंब मनाने बंद करू नका, दाब चढताना दुखत नाही, हे मी आधीच बजावलं होतं, म्हणून त्या फोटो घेऊन आल्या. मग एसएलटी लेसरचा विषय निघाला, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जातं त्या जाळीवर लेसर मारून दाब उतरवायचा. ब्रिटनमधल्या लाइट या चाचणीत, जिचे निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाले, लेसरने सुरुवात केलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांशिवाय आटोक्यात होता. लेसरचा परिणाम काही वर्षांत ओसरू शकतो, पण तो पुन्हा करता येतो आणि बुबुळाचा रंग त्याने बदलत नाही. घाऱ्या डोळ्याच्या, एकाच डोळ्यात काचबिंदू असलेल्या माणसापुढे हा पर्याय मी आता पहिल्याच भेटीत ठेवते. बाईंनी लेसर निवडलं. त्याचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर रात्रीचा थेंब चालू ठेवला, आणि दाब मोजल्यावरच बंद केला.