व्हेरियन्स रिपोर्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर सुपरवायझर मंडळींशी चार गोष्टी

मंडळी, रिपोर्टचा नमुना तुम्हाला पाठ आहे, म्हणून थेट तक्रारीवर येतो. सुरुवातीला या रिपोर्टचा मोठा दोष एकच वाटायचा: महिना उलटल्यावर येतो. आता उशीर खपवून घेता येतो, पण मशीनपाशी न मोजता पडून राहिलेला माल नाही. रिपोर्टला खोटं बोलायला लावतो तो हाच माल.

प्रेस शॉपचा एक हिशोब घेऊ. एका ब्रॅकेटला २ किलो पत्रा हे स्टँडर्ड. ठरले होते १,२०० नग, चांगले निघाले १,०००. तुलना २,४०० किलोशी होत नाही. जेवढे चांगले नग, तेवढ्याचाच पत्रा मान्य, म्हणजे २,००० किलो. स्टोअरमधून निघाला २,१६०. रिपोर्टवर १६० किलो जादा वापर आला आणि सगळे ऑपरेटरकडे बघू लागले.

आता हे १६० किलो उकलू. ३५ नग रिजेक्ट झाले पण नोंदले नाहीत, ते ७० किलो. ८० किलो पत्रा मशीनशेजारी तसाच उभा होता, कारण रिटर्न स्लिप केलीच नाही. खरोखर शोधायचे उरले फक्त १० किलो. गंमत पुढच्या महिन्यात: तोच ८० किलो पत्रा वापरला गेला, स्टोअरमधून तेवढा कमी निघाला आणि रिपोर्टवर बचत दिसली. आधीची बोलणी फुकट, नंतरची शाबासकीही फुकट. ७० किलोचं नुकसान मात्र खरंच आहे. नोंदलं की निदान डाय तपासायचा की पत्रा, हे कळतं.

पत्रा महागला तर तुमच्या रकान्यात काही येत नाही, कारण वापरातला फरक आपण स्टँडर्ड दरानेच मोजतो. महागाईचा जाब खरेदी विभाग देईल. पण स्वस्त लॉटची जाडी कमी-जास्त असेल तर खरेदीकडे बचत दिसते आणि रिजेक्शन तुमच्या माथी बसतं. अशा वेळी रिजेक्शनच्या नोंदीत लॉट नंबर लिहा, नाहीतर आम्हाला ते सिद्ध करता येत नाही.

आणखी एक. कटिंगची कातरण त्या २ किलोंत आधीच धरलेली आहे. ती रिजेक्शन म्हणून पुन्हा दाखवू नका.

शिफ्ट संपताना चांगले नग, कारणासह रिजेक्ट नग आणि उरलेल्या पत्र्याचं वजन, एवढंच लिहा. वजन अंदाजाने नको, काट्यावर करा. महिनाअखेरच्या शिफ्टला उरलेला पत्रा रिटर्न स्लिप करून स्टोअरला द्या. जागेवरून हलवणं शक्य नसेल तर स्लिपवर ‘माल मशीनपाशी’ असा शेरा मारा, आम्ही तो शिल्लक धरू.