‘काय ठरलं?’ विचारावं की नवी माहिती द्यावी?

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याला सोलरचं कोटेशन देऊन दहा दिवस झाले, आता काय लिहू, असं भाच्यानं विचारलं.

‘काय ठरलं?’ हा मेसेज अर्ध्या मिनिटात जातो. पण मालकांचंच ठरलं नसेल तर ते गप्प राहतात, आणि पुन्हा विचारलं की तगादा वाटतो.

दुसऱ्या वाटेला अर्धा दिवस लागतो. भाचा दुपारी चारला छतावर गेला, तर शेजारच्या टाकीची सावली सहा पॅनेलच्या जागेवर पडत होती. त्यानं फोटो आणि बदललेली मांडणी पाठवली, भाव तोच ठेवला. संध्याकाळी मालकांचाच फोन आला. मात्र पूर्ण ड्रॉइंग देऊ नये. त्यावर दुसऱ्याकडून भाव मागवले जातात.

निर्णयाची तारीख कळली असेल तर त्या दिवशी साधा प्रश्न पुरे. काहीच न कळवता गप्प असतील, तर छतावर जा.