टीबी की मेलिऑइडोसिस, सेफ्टाझिडिम की मेरोपेनेम: कोकणातल्या पावसाळी वॉर्डात ठरवायचं कसं

हे लिहितोय ते छोट्या हॉस्पिटलात एकट्याने ड्यूटी करणाऱ्यांसाठी. जुलै-ऑगस्टमध्ये लावणी उरकून आलेला, शुगर तीनशेच्या वर असलेला, आठ-पंधरा दिवसांचा ताप घेऊन आलेला शेतकरी तुमच्यासमोर झोपलाय आणि काय सुरू करायचं ते आज रात्रीच ठरवायचंय. एक पेशंट धरूनच बोलतो म्हणजे तुलना हवेत राहणार नाही.

काका ५४ वर्षांचे, वजन ५५ किलो, डायबेटिस दहा वर्षांचा आणि गोळ्या घेतल्या तर घेतल्या. चिखलणीच्या वेळी पायाला जखम झालेली, अनवाणीच काम केलं. मग ताप, खोकला, वजन उतरलं, एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. थुंकी दोनदा निगेटिव्ह, सीबीनॅटही निगेटिव्ह, तरी एका ठिकाणी टीबीची औषधं चालू केली. महिन्याभराने आमच्याकडे आले तेव्हा ताप तसाच, डावा गुडघा सुजलेला आणि लघवी तुंबलेली.

टीबी आणि मेलिऑइडोसिस एक्सरेवर जवळजवळ सारखे दिसू शकतात, दोन्ही डायबेटिसवाल्यांना जास्त होतात, म्हणून चूक होणं साहजिक आहे. पण टीबी सहसा एका जागी हळूहळू वाढतो आणि मेलिऑइडोसिस करणारा बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय नावाचा मातीतला जंतू रक्तातून कुठेही जाऊन बसतो. फुप्फुसात बसला तर न्यूमोनिया, प्लीहा-यकृतात बारीक बारीक गळवं, सांध्यात पू, पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये गळू, कधी नुसती चामडीवरची न भरणारी जखम. एकाच माणसात फुप्फुस, गुडघा आणि लघवीची तक्रार एकत्र आली की मी टीबीवर थांबत नाही, पोटाची आणि प्रोस्टेटची सोनोग्राफी त्याच दिवशी करून घेतो. काकांच्या प्लीहेत चार-पाच छोटी गळवं होती आणि प्रोस्टेटमध्ये एक मोठं. टीबीची औषधं 'बघू तरी' म्हणून द्यायची आणि दोन महिने वाट बघायची हा पर्याय इथे सगळ्यात महाग पडतो, कारण त्या औषधांनी हा जंतू आटोक्यात येत नाही आणि तोवर सेप्सिस होऊ शकतो.

आता कल्चर. पहिला अँटिबायोटिकचा डोस जायच्या आधी रक्ताच्या दोन बाटल्या, थुंकी, लघवी, घशाचा स्वॅब आणि गुडघ्यातला पू असं सगळं पाठवा, फक्त रक्तावर भागवू नका. कारण एकूण कल्चरची पकडच साधारण साठ टक्क्यांच्या आसपास धरली जाते, म्हणजे निगेटिव्ह आलं म्हणून आजार नाही असं होत नाही, संशय पक्का असेल तर पुन्हा पाठवायचं. आणि लॅबला फोन करून आजाराचं नाव घ्या, कारण वाढ सावकाश होते, सुरकुतलेल्या कॉलनी दोन-तीन दिवसांनी दिसतात, तोवर प्लेट फेकून दिलेली असू शकते. तिथल्या माणसांच्या सुरक्षेसाठीही त्यांना आधी कळलं पाहिजे.

काकांच्या रिपोर्टवर पहिल्यांदा 'स्यूडोमोनास स्पीशीज' आलं. इथे बरेच जण फसतात. मशीनही कधी कधी याला बर्खोल्डेरिया सेपेशिया म्हणून मोकळं होतं. अशा वेळी सेन्सिटिव्हिटीचा कागद नीट वाचायचा. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्रॅम निगेटिव्ह जंतू, जेंटामायसिनला रेझिस्टंट, कोलिस्टिनलाही रेझिस्टंट, पण को-अमॉक्सिक्लॅवला सेन्सिटिव्ह, असं एकत्र दिसलं की दुसरं सिद्ध होईपर्यंत मेलिऑइडोसिस धरायचा. नेहमीचा स्यूडोमोनास असा वागत नाही. लॅबने पुन्हा तपासून बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय हेच नाव कन्फर्म केलं.

पहिला टप्पा शिरेतून. सेफ्टाझिडिम की मेरोपेनेम? थायलंडमध्ये १९८९ साली छापलेल्या ट्रायलमध्ये सेफ्टाझिडिमने मृत्यूचं प्रमाण जुन्या औषधांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आणलं होतं, तेव्हापासून ते पायाभूत औषध आहे. पेशंटचं प्रेशर नीट, ऑक्सिजन फारसा लागत नाही, तर मी सेफ्टाझिडिमच घेतो, किडनी ठीक असेल तर २ ग्रॅम दर सहा तासांनी. मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी मी राखून ठेवतो ते शॉकमध्ये असलेल्या, आयसीयूतल्या पेशंटसाठी, मेंदूत आजार गेला असेल तेव्हा (तिथे डोस दुप्पट), किंवा सेफ्टाझिडिमवर असताना रक्त पुन्हा पॉझिटिव्ह येत राहिलं तर. सेफ्ट्रायॅक्सोन घरात आहे आणि तेही सेफॅलोस्पोरिनच आहे म्हणून ते चालवू नका, त्यावर निकाल सेफ्टाझिडिमपेक्षा वाईट आलेले आहेत.

आठव्या दिवशीही काकांचा ताप १०१ होता आणि मुलगा विचारत होता, डॉक्टर औषध बदलायचं का. नाही बदललं. या आजारात योग्य औषधावरही ताप उतरायला सरासरी नऊ दिवस लागतात, आत गळू असेल तर त्याहून जास्त. बदलायचं कधी, तर प्रेशर ढासळलं, नवीन जागी पू झाला किंवा आठवड्याने परत केलेलं रक्त कल्चर पॉझिटिव्ह आलं तर. आधी पू राहिलाय का ते शोधा. काकांचा गुडघा धुतला, प्रोस्टेटचं गळू काढलं, मग अकराव्या दिवशी ताप गेला. प्लीहेतली बारीक गळवं काढायची गरज पडली नाही.

शिरेतलं औषध किती दिवस? कमीत कमी दोन आठवडे, खोलवरची गळवं किंवा सांधा असेल तर चार, हाडात सहा, मेंदूत आठ. आणि हे दिवस शेवटचा पू काढला त्या तारखेपासून मोजायचे. काकांना चार आठवडे दिलं आणि सांधा-प्रोस्टेट दोन्ही असल्यामुळे कोट्रायमॉक्साझोल पहिल्यापासूनच जोडलं.

दुसरा टप्पा म्हणजे उरलेसुरले जंतू मारण्याचा, आणि याच टप्प्यात पेशंट हातातून निसटतात. पर्याय तीन: कोट्रायमॉक्साझोल एकटं, त्यात डॉक्सीसायक्लिन जोडून, किंवा को-अमॉक्सिक्लॅव. थायलंडच्याच २०१४ मध्ये छापलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये डॉक्सी जोडून फायदा दिसला नाही, त्रास मात्र वाढला, त्यामुळे एकटं कोट्रायमॉक्साझोल. को-अमॉक्सिक्लॅववर आजार उलटायचं प्रमाण जास्त, ते सल्फाची अॅलर्जी किंवा गरोदर बाईसाठी ठेवायचं. लॅबने कोट्रायमॉक्साझोल रेझिस्टंट लिहिलं तर लगेच सोडून देऊ नका, डिस्कवर कडा पुसट येते म्हणून चुकीचं वाचलं जातं, ई-टेस्ट करून मागा.

डोस वजनावर ठरतो आणि इथे नेहमीची एक डीएस गोळी दोनदा हा डोस कमी पडतो. ५५ किलोच्या काकांना दीड डीएस सकाळी, दीड संध्याकाळी, साठच्या वर असते तर दोन-दोन. सोबत फॉलिक अॅसिड ५ मिग्रॅ रोज. बारा आठवडे, हाडात किंवा मेंदूत आजार असेल तर सहा महिने.

कोट्रायमॉक्साझोल देताना डायबेटिसवाल्यांत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रेशरसाठी टेल्मिसार्टन-रामिप्रिल चालू असेल तर पोटॅशियम वाढतं, आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर शुगर अचानक खाली जाऊ शकते. काकांचं टेल्मिसार्टन बंद करून अॅम्लोडिपिन दिलं, शुगर इन्सुलिनवर आणली. पहिले तीन आठवडे दर आठवड्याला क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि सीबीसी, अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी त्याच दिवशी बंद करून दवाखान्यात यायचं, हे मुलाला लिहून दिलं. सहाव्या आठवड्यात काका म्हणाले, आता मी ठणठणीत, गोळ्या कशाला. त्याच वेळी आम्ही औषध पंधरा-पंधरा दिवसांचंच द्यायला लागलो आणि रिकाम्या पट्ट्या परत आणायला सांगितलं, बारावा आठवडा तसा पूर्ण झाला.