‘आठ दिवसांत घर खाली करा’ : व्हॉट्सॲपवर उत्तर, स्वतःचं पत्र की वकिलाची नोटीस?

घणसोलीतला एक फ्लॅट धरू. लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर्ड, अकरा महिन्यांचा, १ जून ते ३० एप्रिल. सहा महिन्यांचा लॉक-इन नोव्हेंबरअखेर संपला. त्यापुढे दोघांपैकी कुणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो, असं कलम ९ म्हणतं. १२ डिसेंबरला मालकांचा मेसेज येतो : ‘२० तारखेपर्यंत घर खाली करा, नाहीतर कुलूप बदलेन.’

व्हॉट्सॲपवर वाद घालू नये. ‘बरं काका, बघतो’ एवढंही उद्या होकार म्हणून दाखवलं जाऊ शकतं. तिथे ‘मेसेज मिळाला, लेखी उत्तर पाठवतो’ इतकंच पुरे. त्यांच्या मेसेजचा स्क्रीनशॉट मात्र तारखेसकट जपावा.

माझं मत स्वतःच्या पत्राच्या बाजूने आहे. स. न. वि. वि. लिहून कराराची तारीख आणि नोंदणी क्रमांक द्यायचा, कलम ९ जसंच्या तसं उतरवायचं. मग खरी ओळ : ‘आपला मेसेज ही करारातली लेखी नोटीस आहे, हे मला मान्य नाही. तरीही ती तशी धरली, तर मुदत १२ जानेवारीला संपते, २० डिसेंबरला नाही.’ नुसतं ‘ही नोटीसच नव्हे’ म्हणून थांबलं आणि पुढे मेसेज ग्राह्य धरला गेला, तर हाती काही उरत नाही. ‘तरीही’ने दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. पुढे लिहावं, की तोवर भाडं नेहमीप्रमाणे बँकेतून जमा होईल, ताबा देताना डिपॉझिट त्याच वेळी परत मिळावं आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुलूप बदलू नये. दमदाटी नको, ‘कोर्टात खेचेन’ नको. पत्र करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवून पावती ठेवावी, त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवरही टाकावी.

वकिलाच्या नोटिशीला वजन जास्त, पण पैसे लागतात आणि काकांशी बोलणं तिथेच तुटतं. डिपॉझिट अजून त्यांच्याकडे आहे, हे विसरू नये. लाईट-पाणी तोडलं, सामान बाहेर काढलं किंवा पत्रानंतरही धमक्या थांबल्या नाहीत, तर मात्र वकील गाठावा. प्रत्यक्ष कुलूप लावायला कुणी आलं, तर आधी पोलीस. करार लेखी नसेल, तरीही सुरुवातीलाच वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण पत्रात दाखवायला कलमच नसतं.

नोटीस पिरियडचा हा आधार कराराची मुदत चालू असेपर्यंतच. ३० एप्रिल उलटूनही राहिलं, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतात आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागू शकते.