साठ रुपयांचा लाकडी यो-यो, पाच महिन्यांनंतर

जूनमध्ये दादर स्टेशनबाहेर पाऊस उघडायची वाट बघत उभा होतो, तेव्हा फुटपाथवर हा घेतला. भाचीसाठी घेतला खरा, पण ती बारावी सायन्सला, त्यामुळे दोन दिवसांत तो माझ्याकडेच आला. आधी रडगाणं आटोपतो. दोन्ही चकत्या नीट एका रेषेत नाहीत, म्हणून खाली जाताना तो डुगडुगतो आणि दोरा कडेला घासतो. पॉलिश महिन्याभरात गेलं. सोबत आलेला सुती दोरा तीनदा तुटला, आणि तिन्ही वेळा दांडीजवळच.

वजन ६० ग्रॅम, चकतीची त्रिज्या R २८ मिलिमीटर, मधल्या दांडीची r ४; g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. भाचीने वहीत मांडलं: दोऱ्याचं टोक स्थिर धरलं तर खाली येण्याचं त्वरण a = g/(1 + R²/2r²). भरीव चकतीसाठी हे ठीक आहे. आमच्या आकड्यांनी g चा साडेपंचविसावा भाग, म्हणजे ०.३८ मीटर प्रति सेकंद वर्ग. एक मीटर उतरायला सव्वादोन सेकंद लागायला हवेत. गॅलरीत मोबाईलवर वेळ लावली तर दीडच सेकंद!

"मामा, तू आधी सोडतोयस," म्हणाली. मी आधी सोडत नव्हतो. गुंडाळलेला जाड दोरा दांडीवर थर चढवतो, त्यामुळे सुरुवातीला r चारच्या जागी जवळजवळ आठ असतो आणि यो-यो झपकन सुटतो. सुती दोरा काढून मासेमारीचा बारीक तंगूस बांधला, तर वेळ २.१ सेकंदांवर आली. हिशेब पडताळायचा असेल तर हा बदल कराच. खेळायला मात्र तंगूस बोटाला कापतो.

आता दोऱ्यातला ताण. टेबलाच्या कडेशी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ठेवला, त्यावर लाकडी फूटपट्टी बाहेर काढून मागे वरवंट्याचा भार दिला, शून्य केलं आणि यो-यो पट्टीच्या टोकाला टांगला. दोरा सुटलेला, यो-यो लटकलेला: ६०. गुंडाळून सोडला की उतरताना काटा ५७-५८ दाखवतो. म्हणजे ताण वजनापेक्षा जेमतेम चार-पाच टक्के कमी. ही एवढीशी तूटच त्याला खाली नेते. बाकी जवळजवळ सगळं वजन दोऱ्यावरच असतं. मजा म्हणजे परत वर चढतानाही काटा ५७-५८च दाखवतो. वर जातोय म्हणून ताण जास्त असेल असं मलाही वाटलं होतं. पण चढताना त्याचा वेग कमी होत असतो, त्वरण तेव्हाही खालीच असतं. तळाशी मात्र आकडा वेडावाकडा उडतो. तिथे साधारण ०.८८ मीटर प्रति सेकंदाचा वेग दांडीच्या अर्ध्या फेरीत उलटतो, सेकंदाच्या सुमारे सत्तराव्या भागात. दोरा अजिबात लांबला नाही असं धरलं तर सरासरी ताण वजनाच्या तेरा पट निघतो. सुती दोरा दांडीजवळच का तुटत होता, ते तेव्हा कळलं.

माझ्या आवडीचा भाग दोरा वर ओढायचा. यो-यो सोडताक्षणी हात असा उचलायचा की तो हवेत एकाच उंचीवर गरगरत राहील. इथे काट्याची गरजच नाही: यो-यो खाली जात नाही, वर जात नाही, म्हणजे ताण बरोब्बर ६० ग्रॅमचा. स्थिर हातापेक्षा फक्त दोन-तीन ग्रॅम जास्त! हाताला लागणारं त्वरण g/24.5, म्हणजे ०.४० (तंगूस गुंडाळलेला असताना सुरुवातीला थोडं जास्त, ०.५ च्या आसपास). एका बाजूला यो-यो ०.३८ ने खाली, दुसऱ्या बाजूला हात ०.४० ने वर. चकतीला फिरवतो तो ताणच, म्हणून ताण चार टक्क्यांनी वाढला की दोरा सुटण्याचं त्वरणही तेवढंच वाढतं.

मला हे जमायला तीन आठवडे गेले, कारण मी हात एकसारख्या वेगाने वर नेत होतो. सुरुवातीचा हिसका संपला की यो-यो पुन्हा खाली सरकायला लागायचा. एकसारख्या वेगाने वर जाणारा हात ताणाच्या दृष्टीने स्थिर हातासारखाच; ताण तोच ५७-५८. वेग सतत वाढवत न्यावा लागतो, आणि गुडघ्यापासून डोक्यावर हात जाईपर्यंत दोन-सव्वादोन सेकंदांत खेळ आटोपतो. जोरात ओढलं तर यो-यो हाताच्या मागोमाग वर येतो. g एवढ्या त्वरणाने ओढला तर ताण स्थिर हाताच्या दुप्पट होतो.

साठ रुपयांत वसूल. घेताना दोन्ही चकत्या डोळ्यासमोर आडव्या धरून फिरवून बघा, डुगडुगणारा परत ठेवा. आमच्या दांडीला आता बारीक चीर गेलीय, तळाशी पोचला की टक्क असा आवाज येतो.